पेपरमधला l, I आणि 1 वेगळा दिसायलाच हवा: नवीन पेपर काढणाऱ्यांसाठी फॉन्टची पद्धत

पहिल्यांदा पेपर काढायला बसलं की सगळं लक्ष प्रश्नांवर असतं, मार्कांची बेरीज जुळतेय का, चॅप्टर सुटला नाही ना, आणि फॉन्ट म्हणजे कॉम्प्युटर उघडल्यावर जो आला तो. भाषेच्या पेपरला यात फारसं बिघडत नाही, कारण आपण शब्द अक्षर अक्षर लावून वाचत नाही, एखादं अक्षर पुसट असलं तरी वाक्यावरून कळतं. पण गणित आणि सायन्सच्या पेपरमध्ये अशा जागा असतात जिथे आजूबाजूचं काहीच मदतीला येत नाही. `l = 1.44` मध्ये पहिला स्मॉल एल आहे की एक आहे हे सांगायला त्या अक्षराच्या आकाराशिवाय दुसरं काही नाही. तिसऱ्या तासाला, डोळे चुरचुरत असताना, मुलगा तो आकार जसा दिसेल तसा घेतो आणि पुढे जातो. परत येऊन बघत नाही.

म्हणून पूर्ण पेपर सुंदर दिसतोय का हे सोडा. ज्या जागी एकटं अक्षर किंवा एकटा आकडा उभा आहे फक्त तिथे काय दिसतं ते बघून फॉन्ट ठरवायचा, बाकी मजकूर कुठल्याही बऱ्या फॉन्टमध्ये वाचता येतोच.

आधी एक उदाहरण पूर्ण बघू

फिजिक्सचा साधा प्रश्न घ्या. लोलकाची लांबी l = 1.44 m, g = 9.8 m/s², आवर्तकाल काढा, आणि सोयीसाठी सूत्र दिलंय:

```
T = 2π√(l/g)
```

बरोबर उत्तर येतं साधारण 2.41 सेकंद. आता हेच एरियलमध्ये टाइप करा. एरियलमध्ये स्मॉल एल म्हणजे नुसती उभी काठी, कॅपिटल आय म्हणजे पण नुसती उभी काठी, 1 या आकड्याला वर एक छोटं शेपूट आहे तेवढाच फरक. आणि g एकमजली आहे, म्हणजे वर गोल आणि खाली वळलेली शेपटी, जी लहान साइजमध्ये 9 च्या अगदी जवळ जाते. मग वर्गमुळामध्ये l/g चं 1/9 दिसतं, आणि गंमत बघा, 1/9 चं वर्गमूळ 1/3, इतकं सुबक की मुलाला वाटतं सरांनी मुद्दाम सोपं दिलंय. उत्तर येतं 2.09. चुकलं हे त्याला कळायचा मार्गच नाही, कारण आकडेमोड कुठेच अडली नाही. अडली असती तर त्याने वर परत बघितलं तरी असतं.

सूत्र पाठ असलेला मुलगा यातून वाचेल, मान्य. पण तो पेपर लोलकाचं गणित तपासायला काढलाय, अक्षर ओळखायला नाही.

पायरी १: तुमच्या पेपरमधली धोक्याची अक्षरं गोळा करा

जगातल्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची यादी करू नका, ती संपत नाही. तुमचा पेपर समोर घ्या आणि पेन घेऊन फक्त एकटी अक्षरं आणि आकडे गोल करा: व्हेरिएबल, रासायनिक सूत्रं, घातांक, रोमन अंक, ऑप्शनची नावं. विषय बदलला की धोका बदलतो.

केमिस्ट्रीत सगळ्यात जास्त त्रास स्मॉल एल आणि कॅपिटल आयचा. AlCl₃ एरियलमध्ये टाइप करून बघा, ते AI आणि CI सारखं दिसतं, आणि CI मध्ये C म्हणजे कार्बन आणि I म्हणजे आयोडीन वाचायला काही हरकत नसते. ICl हे आयोडीन मोनोक्लोराइड, म्हणजे दोन काठ्या आणि मध्ये C. TlI, थॅलियम आयोडाइड, यात तर दोन काठ्या शेजारी शेजारीच आल्या. मग आयर्न(II), आयर्न(III) आहेत, आणि ग्रुप II आणि ग्रुप 11 एकाच पेपरात आले तर विचारूच नका.

गणितात 5 आणि S, 2 आणि Z, 0 आणि O हे असतातच, पण तिथे जास्त मार खातात ते घातांक. खाली किंवा वर लिहिलेला आकडा वर्डमध्ये मूळ अक्षराच्या साधारण दोन तृतीयांश होतो, म्हणजे १२ पॉइंटच्या मजकुरात तो ८ पॉइंटचा. त्या साइजला x³ आणि x⁸ मधला फरक म्हणजे डाव्या बाजूच्या दोन बारीक फटी, त्या बुजल्या की तीनचा आठ झाला.

फिजिक्समध्ये ग्रीक अक्षरं: v आणि ν, a आणि α, w आणि ω, p आणि ρ. E = hν मधला न्यू तिरक्या अक्षरात v सारखाच दिसतो आणि शेजारच्याच प्रश्नात v हा वेग असतो.

पायरी २: चाचणीची पट्टी बनवा

गोल केलेली अक्षरं अशा ओळींमध्ये टाका जिथे अंदाज लावता येणार नाही. शब्द नकोत, क्रमही नको, कारण 1 2 3 4 लिहिलं की वाचणारा न बघताच पुढचं बोलतो. साधारण अशी:

```
l 1 I I 1 l l I 1      0 O 0 0 O
5 S 6 8 3 8 5 6 3      9 g q g 9
AlCl3  ICl  TlI  I2  Cl2  II  11
2 Z 7 1 7 1 1 7        B 8 8 B
l/g  1/9  l/9  1/g     x × x +
```

ही पट्टी तीन चार फॉन्टमध्ये, तुमच्या पेपरच्या साइजला, एकाखाली एक छापा. प्रत्येक फॉन्टला अक्षरांचा क्रम बदला, नाहीतर दुसऱ्या वेळी पाठ झालेलं असतं. घातांकाच्या साइजमध्येसुद्धा एक ओळ हवी.

स्क्रीनवर बघून निर्णय घेऊ नका. स्क्रीनवर आपण झूम करून बसलेलो असतो आणि तिथे सगळेच फॉन्ट छान दिसतात.

पायरी ३: पट्टी बिघडवा

ही पायरी बहुतेक जण करत नाहीत आणि खरं तर सगळा खेळ इथेच आहे. मुलाच्या हातात येतो तो कागद तुमच्या प्रिंटरमधून आलेला नसतो, तो कॉपीची कॉपी असतो. म्हणून पट्टीची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स काढा, आणि दोन प्रकारे काढा, एकदा मशीन डार्कवर ठेवून आणि एकदा लाइटवर.

डार्क कॉपीत शाई पसरते आणि अक्षरातल्या फटी आणि पोकळ्या भरतात. 6 चं तोंड मिटतं आणि 8 होतो, 3 चं पण तेच, 5 चा 6 होतो. ज्या फॉन्टमध्ये 3, 6, 9 ची टोकं आत वळलेली असतात ते इथे आधी मरतात, एरियल त्यातलाच. ज्यात टोकं मोकळी सोडलेली असतात, तोंड उघडं असतं, ते टिकतात.

लाइट कॉपीत उलटं होतं, बारीक रेषा तुटतात. जाड बारीक रेषांचा फॉन्ट असला की 8 ची एक बाजू जाऊन तो 3 वाटायला लागतो, e चा c होतो, वजाबाकीचं चिन्ह पुसट होतं आणि दशांशाचा पॉइंट तर गायबच. 3.5 चा 35 झाला तर तो फॉन्टचा दोष की मशीनचा यावर नंतर भांडता येईल, पेपर तर गेला.

म्हणजे दोन्हीकडून टिकणारा फॉन्ट हवा: रेषा एकसारख्या जाडीच्या, फार बारीक नाहीत आणि बोल्डही नाहीत. अख्खा पेपर ठळक करून टाकायची आयडिया अनेकांना सुचते, पण बोल्डमध्ये पोकळ्या आधीच लहान झालेल्या असतात त्यामुळे डार्क कॉपीत तो जास्त वाईट होतो.

आता ती कॉपी दुसऱ्या कोणाला तरी द्या ज्याने मूळ बघितलेलं नाही. त्याने मोठ्याने वाचायचं, तुम्ही ऐकून लिहायचं आणि मग मूळ पट्टीशी जुळवायचं. दिवस संपताना वाचून घ्या, सकाळी ताज्या डोळ्यांनी नाही. कुठे चुकलं हे तर बघाच पण कुठे थांबला तेही बघा, थांबून बरोबर वाचलं तरी ती जागा कच्ची आहे, कारण परीक्षेत मुलगा थांबणार नाही. तुमच्या पेपरमध्ये जी जोडी आहे तिच्यात एक जरी चूक आली तरी तो फॉन्ट बाद, इथे पासिंग पस्तीस टक्के नाही.

पायरी ४: मग कुठला फॉन्ट

माझं मत सांगतो, पण पट्टीची टेस्ट तुम्ही करायचीच.

केमिस्ट्री आणि साधं सायन्स असेल तर वर्दाना. मॅथ्यू कार्टरने मायक्रोसॉफ्टसाठी केलेला, १९९६ साली आलेला फॉन्ट, मुळात स्क्रीनसाठी होता पण त्यात कॅपिटल आयला वर खाली आडव्या रेषा आहेत, एकला खाली बैठक आहे आणि एल साधी काठी, म्हणजे तिघे तीन तऱ्हेचे. अक्षरं रुंद आणि मोकळी आहेत. तोटा एकच की जागा खातो, चार पानांचा पेपर पाचव्या पानावर जातो आणि मग लोक साइज कमी करतात, तसं करायचं असेल तर न वापरलेला बरा. ताहोमा हा त्याचाच सडपातळ भाऊ, आयला रेषा त्यातही आहेत.

`Atkinson Hyperlegible` हा फुकट मिळतो, कमी दिसणाऱ्या लोकांसाठी अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने करून घेतला, २०१९ पासून आहे. एल, आय, एक, बी, आठ सगळे मुद्दाम वेगळे काढलेत. पण त्यातल्या शून्यावर तिरकी रेघ आहे आणि इथे नवीन लोक फसतात. रेघेचा शून्य O पासून वेगळा ओळखता येतो हे खरं, पण सेट थिअरीचा पेपर असेल तर तो ∅ म्हणजे रिक्त संचासारखा दिसतो, आणि लहान साइजला रेघ भरून आली की 8 सारखा. संचाच्या पेपरला म्हणून नको, पासवर्ड छापायला उत्तम. तसाही गणिताच्या पेपरात O हे अक्षर वर्तुळाच्या केंद्रापुरतं येतं, तिथे तुम्ही केंद्राला P म्हणा, भांडणच मिटलं.

समीकरणं भरपूर असतील तर माझी पसंती कँब्रिया. वर्डचा समीकरण एडिटर, `Alt` आणि `=` दाबल्यावर येतो तो, मुळातच कँब्रिया मॅथ वापरतो. बाहेरचा मजकूर वर्दानात आणि समीकरण कँब्रियात ठेवलं तर एकाच ओळीत 1 दोन आकाराचा येतो, थकलेल्या माणसाला ते वेगळं चिन्ह वाटू शकतं. दोन्हीकडे कँब्रिया असला की आकडे सारखे.

जॉर्जिया टाळा, आणि कॉर्बेल, कँडारा, कॉन्स्टँशिया हेही. फॉन्ट सुंदर आहेत पण त्यांचे आकडे जुन्या वळणाचे, म्हणजे काही वर काही खाली लोंबणारे, आणि 0 हा स्मॉल ओ एवढाच बुटका. गोष्टीच्या पुस्तकात शोभतात. वापरायचाच असेल तर वर्डमध्ये `Ctrl+D` करून `Advanced` मध्ये `Number forms` ला `Lining` आणि `Number spacing` ला `Tabular` करा. जॉर्जियाच्या जुन्या प्रतीत मात्र ही सोय नसते, बदलून काहीच हललं नाही तर समजा तुमची प्रत जुनी आहे.

कॉम्प्युटरच्या पेपरात कोड असतो तिथे कुरियर न्यू लोक सवयीने लावतात, त्यात 1 आणि एल जवळजवळ जुळे आहेत आणि रेषा इतक्या बारीक की लाइट कॉपीत अर्ध्या उडतात. कन्सोलास लावा. त्याच्या शून्यावर रेघ आहे, पण कोडमध्ये ती हवीच.

पायरी ५: मराठी पेपर असेल तर अजून एक भानगड

देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच पेपरात मिसळले की नवीनच जुळी तयार होतात. ४ आणि 8 शेजारी ठेवून बघा, चारचं वरचं तोंड डार्क कॉपीत मिटलं की आठ झाला. १ आणि 9 तर न मिटताही सारखे. ५ आणि 4, ७ आणि 6 हेही फार लांब नाहीत. यावर कुठलाही फॉन्ट उपाय नाही, कारण दोन्ही अक्षरं आपापल्या जागी बरोबरच काढलेली आहेत. उपाय एकच, अख्ख्या पेपरात एकच अंकपद्धत. सूत्रं इंग्रजी आकड्यात असतील तर प्रश्न क्रमांक, मार्क, वेळ, सगळं इंग्रजी आकड्यात. वर तोंडाशी वेळ ३ तास आणि आत 3 m/s असं नको.

वर्डमध्ये दोन लिपींचे फॉन्ट वेगवेगळे लावता येतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. `Ctrl+D` मध्ये `Latin text` आणि `Complex scripts` असे दोन कप्पे दिसतील, पहिल्यात वर्दाना किंवा कँब्रिया, दुसऱ्यात देवनागरी फॉन्ट. साइजही वेगळी असते. त्याच साइजला देवनागरी सहसा लहान दिसते, म्हणून लॅटिन १२ असेल तर देवनागरी १३ किंवा १४ करून बघा. हे न करता अख्ख्या पेपरला पॉपिन्ससारखा एकच फॉन्ट लावला तर देवनागरी छानच येते पण सोबत त्याचं लॅटिनही येतं, ज्यात आय आणि एल दोन्ही काठ्या आहेत.

देवनागरी फॉन्ट निवडताना घ आणि ध, भ आणि म यांच्या शिरोरेषेतली फट बघा, ती डार्क कॉपीनंतर शिल्लक राहिली पाहिजे. पण शब्दात ही अक्षरं संदर्भाने कळतात त्यामुळे यावर रात्र घालवू नका.

पायरी ६: फॉन्टने सुटत नाही ते लिहिण्यात सोडवा

आपल्या लोलकाकडे परत येऊ. कँब्रियात टाइप केलं तर l आणि 1 वेगळे होतात, तरी तिरका g अजून 9 च्या वळणावर जातोच, कारण तिरक्या अक्षरात बहुतेक फॉन्टचा g एकमजलीच असतो. इथे सरळ चिन्ह बदला, लांबीला L म्हणा. L/g झालं की पहिलं अक्षर अक्षरच आहे हे पक्कं कळतं आणि मग g ला कोणी 9 म्हणत नाही. स्मॉलच हवा असेल तर समीकरण एडिटरमध्ये `\ell` टाइप करून स्पेस दिला की ℓ असा वळणदार एल येतो. लिटरसाठी मात्र कॅपिटल L च वापरा. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९७९ मध्ये L ला मान्यता दिली ती याच कारणासाठी, की l आणि 1 मध्ये घोळ होतो.

तसंच ν च्या जागी f. वजाबाकीला की-बोर्डवरची छोटी रेघ न वापरता `2212` टाइप करून लगेच `Alt+X` दाबा, खरं वजाचं चिन्ह येतं, ते लांब असतं आणि लाइट कॉपीत टिकतं. गुणाकाराला x अक्षर वापरू नका, `00D7` आणि `Alt+X`. दशांशाच्या आधी शून्य कायम, .5 नाही 0.5, कारण पॉइंट उडाला तरी 05 बघून मुलगा निदान चमकेल, नुसता 5 बघून नाही. आणि वाक्य आकड्यावर संपवू नका, "लांबी 12. 5 सेकंदांत" हे कोणीही 12.5 वाचेल.

पायरी ७: छपाईला देताना

इथपर्यंत सगळं बरोबर करून शेवटी वर्डची फाइल पाठवली की त्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो, आणि वर्ड न विचारता दुसराच लावून मोकळा होतो. पीडीएफच द्या, आणि ती अॅडोब रीडरमध्ये उघडून `Properties` मधल्या `Fonts` वर बघा, प्रत्येक फॉन्टपुढे `Embedded` किंवा `Embedded Subset` लिहिलेलं हवं. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला भाग कुठून कॉपी करून आणला असेल तर तो जास्तच बघा, त्यात फॉन्ट बदलला की मराठीची इंग्रजी खिचडी होते.

आणि कागद वाचवायला कोणी ए४ ची दोन पानं एका पानावर बसवतंय का हे विचारा. तसं केलं की सगळं साधारण ७१ टक्के होतं, तुमचा १२ पॉइंट साडेआठ होतो आणि ८ पॉइंटचा घातांक साडेपाचच्या आसपास, तिथे वर्दाना असो की अजून काही, x³ आणि x⁸ एकच. असं होणार हे आधीच ठरलेलं असेल तर चाचणीची पट्टीसुद्धा ७१ टक्क्यांवर छापून मगच वाचून घ्या. बऱ्याचदा तिथे कुठलाच फॉन्ट पास होत नाही, आणि मग ती नापास पट्टी घेऊन पान वाढवून मागायला जाता येतं, नुसतं "वाचता येत नाही हो" म्हणण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.